आजी-आजोबांची स्वागत कविता: वृद्धाश्रमात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती कशी रचावी, कशी बसवावी

नाशिकमधल्या वृद्धाश्रमांत कॉलेजची मुलं बहुधा दोन हंगामांत येतात. एक, १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या आसपास. दुसरा, डिसेंबर-जानेवारीत, राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं लागतात तेव्हा. मुलं येतात, रांगेत बसतात, व्यवस्थापक दोन शब्द बोलतात, फळवाटप होतं, फोटो होतो. ज्यांच्या घरात हे सगळं चाललेलं असतं ते आजी-आजोबा मात्र खुर्च्यांवर बसून बघत राहतात. आपल्याच घरात ते पाहुण्यांसारखे वागवले जातात.

स्वागताची कविता त्यांच्या तोंडून आली तर हे बदलतं. पण कविता खरोखर त्यांची असली पाहिजे. गेली बरीच वर्षं मी आश्रमांत बसून अशा कविता रचून घेते. इथे सांगते ती पद्धत एका कवितेच्या उदाहरणासह आहे. त्या कवितेतल्या ओळी ज्यांच्या आहेत त्यांची नावं दिलेली नाहीत.

आधी ठरवा: कविता यजमानाची आहे

आश्रमांत म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक स्वागत कविता दोनच प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मुलांना देवदूत, आशेचे किरण, उद्याचे शिल्पकार म्हटलेलं असतं. दुसऱ्यात पिकलं पान, सांजवेळ, विसरलेली मुलं आणि कोरडं झाड येतं. पहिली ऐकताना मुलं अवघडतात, दुसरी ऐकताना रडतात. रडलेल्या मुलाला मग समोरच्या आजीशी साधं बोलता येत नाही. तो तिच्याकडे दुःख म्हणूनच बघत राहतो.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी एक गोष्ट ठरवून घेते. घर आपलं आहे, मुलं पाहुणी आहेत आणि पाहुणा आल्यावर जे जे करायचं तेच कवितेने करायचं. आपल्याकडे त्याचा क्रम ठरलेला आहे. या म्हणायचं, पाणी द्यायचं, बसवायचं, नाव-गाव विचारायचं, आपली ओळख द्यायची, काहीतरी खायला ठेवायचं आणि निघताना पुन्हा बोलवायचं. कवितेची कडवी याच क्रमाने लावायची. निराळी कल्पना शोधत बसावं लागत नाही. शिवाय ऐंशी वर्षांच्या माणसाला हा क्रम पाठ करावा लागत नाही, तो हाडात मुरलेला असतो. रचलेली ओळ विसरली तरी पुढे काय येतं हे त्याला कळतं, आणि म्हणताना हा आधार फार मोठा असतो.

छंद: आठ अक्षरांची ओळ

मुक्तछंद टाळा. वाचायला तो सोपा वाटतो, पण दहा जणांनी मिळून म्हणायचा झाला तर कुणी कुठे थांबायचं हेच कळत नाही. वृत्तबद्ध कविता त्याच्या उलट. लघु-गुरूंचा हिशेब सांभाळताना आजीचं बोलणं कापावं लागतं.

माझी निवड ठरलेली आहे: लहान अभंगाचा छंद. एका कडव्यात दोन ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आणि शेवटी यमक. मोठा अभंग म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तो सुंदर असला तरी त्यात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवावं लागतं आणि शेवटचा चरण आखूड पडतो, त्यामुळे एकत्र म्हणताना गोंधळ होतो. जात्यावरची ओवी बायकांच्या तोंडी सहज येते, पण तिची लांबी म्हणणारीच्या श्वासावर कमी-जास्त होते. एकटीने गायला ती उत्तम, समूहाला अवघड. आठ अक्षरांची ओळ मात्र भजनात बसलेल्या प्रत्येक माणसाच्या कानात असते. आणखी एक फायदा असा की दमेकरी आजोबांनाही ती एका श्वासात म्हणता येते.

मोजायची रीत सोपी आहे. ऱ्हस्व असो, दीर्घ असो, जोडाक्षर असो, प्रत्येकाला एक. ‘पाणी घ्या, बसा शेजारी’ ही ओळ मोजू: पा, णी, घ्या, ब, सा, शे, जा, री. आठ. ‘घ्या’ला दीड किंवा दोन धरू नका, नवख्यांची चूक बहुतेक तिथेच होते.

एक बारकावा मात्र नीट समजून घ्यायला हवा. बोलताना आपण ‘नाव’ हा शब्द एका झटक्यात म्हणतो, शेवटचा ‘व’ सुटा उच्चारत नाही. छंदात मात्र त्याची दोन अक्षरं धरली जातात. त्यामुळे कागदावर आठ भरलेली ओळ तोंडात सात वाटू शकते आणि टाळी चुकते. अशा जागी आधीचा स्वर लांबवायचा: नाऽव, गाऽव. कडव्याच्या दोन्ही ओळी एकाच तऱ्हेने संपत असतील, म्हणजे दोन्ही ‘नाव-गाव’सारख्या किंवा दोन्ही ‘दारी-शेजारी’सारख्या, तर अडचण येत नाही. एक ओळ स्वरावर आणि दुसरी व्यंजनावर सोडली की हमखास धडपड होते. पडताळा घ्यायचा तर मांडीवर टाळी देत ओळ म्हणून बघा, दर दोन अक्षरांना एक टाळी, म्हणजे ओळीला चार. पाचवी टाळी द्यावी लागली किंवा चौथी रिकामी गेली तर ओळ दुरुस्त करायची आहे.

ओळी गोळा करण्याची बैठक

एका वेळी चार ते सहा जणच बसवा. सकाळचा चहा-नाश्ता, औषधं आणि अंघोळी उरकल्या की दहा ते अकराची वेळ चांगली. दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात, आणि विसराळूपणा वाढलेल्या माणसांना संध्याकाळी जास्त गोंधळल्यासारखं होतं. पाऊण तासापेक्षा जास्त लांबवू नका. पंखा बंद करता आला तर करा, कारण त्याच्या घरघरीत कमी ऐकू येणाऱ्यांना शब्द वेगळे करता येत नाहीत.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकदा आधी वरच्या पट्टीचे आवाज हरवतात. म्हणून तारस्वरात ओरडून उपयोग होत नाही. आवाज खाली आणायचा, सावकाश बोलायचं, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसायचं आणि कुठल्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण याच चौकशीतून आमच्या कवितेतलं एक कडवं निघालं. ते पुढे येईल.

प्रश्न वस्तूंबद्दल विचारा. ‘मुलं येणार म्हणून तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की ‘आनंद वाटतो’ एवढंच उत्तर येतं आणि पुढे काही निघत नाही. त्याऐवजी विचारा: तुमच्या घरी पाहुणा आला की दारातच काय म्हणायचात? बसायला काय टाकायचात, पाट, घोंगडी की खाट? खायला काय पुढे करायचात? तुमच्या हातांना कुठलं काम येत होतं? या पोरांनी आज पाहिलेलं नाही असं तुम्ही काय पाहिलंय? आलेली पोरं तासभर थांबली तर त्यांच्याकडून काय करून घ्याल?

उत्तरं जशीच्या तशी लिहा. ‘दावा’ला ‘दाखवा’ करू नका आणि ‘जावा’ला ‘जा’ करू नका. नाशिक जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे. सटाणा-कळवण-मालेगावकडची माणसं अहिराणी बोलतात, निफाड-येवल्याकडची वेगळ्या वळणाची मराठी बोलतात, पंचवटीतली जुनी माणसं आणखी वेगळी. एका छताखाली हे सगळे एकत्र आलेले असतात, म्हणून कवितेतही ते एकत्र ऐकू आले पाहिजेत.

पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं अडखळतं त्यांना वगळू नका. बोलताना शब्द न सापडणारी कितीतरी माणसं सुरात मात्र ओळ म्हणतात. त्यांना प्रश्न विचारून कोंडीत पकडायचं नाही. तयार धृपद त्यांच्यासोबत तीन-चार दिवस गुणगुणायचं आणि शब्द येतात का बघायचं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाने नाव किंवा साल चुकीचं सांगितलं तर चारचौघांत दुरुस्त करायचं नाही. हवं तर ती गोष्ट कवितेत घेऊ नका.

बैठकीत घरचे विषय निघतातच. मुलगा फोन करत नाही, घर विकलं, सुनेने असं केलं. ऐका, पण लिहू नका. परक्या पोरांसमोर एखादीचं घर उघडं पडायला नको आणि ऐकणाऱ्यांत तिच्या नात्यातलं कुणी असू शकतं. प्रत्येक ओळ पक्की होण्याआधी ती ज्याची आहे त्याला वाचून दाखवा आणि ‘हे सगळ्यांसमोर म्हणायचं ना?’ असं स्पष्ट विचारा. मान हलली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

एक कविता रचताना

आता प्रत्यक्ष उदाहरण. धृपद सटाण्याकडच्या एका आजींमुळे मिळालं. मुलं येणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “आंडोर-आंडेर येणार व्हय!” अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे, त्यांना ‘आले’ जोडलं की आठ भरतात. पहिली ओळ झाली: आंडोर आंडेर आले.

दुसरी ओळ मी सुचवली: अंगण जागते झाले. अक्षरं आठ, आले-झाले हे यमकही चोख. पण प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी लगेच हात वर केला. “म्हणजे आधी आम्ही झोपलो होतो का? पहाटे पाचला उठून भजन करतो.” त्यांचं म्हणणं खरं होतं. मुलं आली म्हणून घराला जाग आली असं म्हटलं की घर मेल्यासारखं होतं असा अर्थ निघतो आणि यजमानपण जातं. मग ‘अंगण भरून गेले’ अशी ओळ ठेवली. आले-गेले हे यमक थोडं सैल आहे, पण ओळ खरी आहे. यमक आणि खरेपण यांतलं एकच राखता येत असेल तर यमक सोडा. म्हणताना कानाला ते खटकत नाही. खोटी ओळ मात्र म्हणणाऱ्यालाच खटकते आणि तो ती पुटपुटतो.

पुढच्या कडव्याचं कच्चं वाक्य असं होतं: “चपला राहू दे तिथंच, आधी पाणी घे, मग बोलू.” बोलणारी आजी एकाच पोराशी बोलत होती, कवितेत सगळी आली, म्हणून ‘दे’चं ‘द्या’ झालं. ‘मग बोलू’ला जागा उरली नाही, त्याऐवजी ‘बसा शेजारी’ आलं. ‘शेजारी’ हा शब्द मुलांना काम सांगतो. समोर रांगेत बसायचं नाही, जवळ येऊन बसायचं.

नाव विचारणारं कडवं त्या कानाच्या चौकशीतून आलं. एक आजोबा म्हणाले, “उजवा कान गेलाय, डाव्यात सांगा.” अशी ओळ कुणी टेबलावर बसून लिहिली नसती. ती ऐकून मुलांना कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हेही कळतं, आणि त्यासाठी वेगळ्या सूचना द्याव्या लागत नाहीत.

ओळख देणारी तीन कडवी तीन माणसांची आहेत. प्रेसमधल्या काकांचं वाक्य होतं, “आयुष्यभर नोटा मोजल्या, घरी नेला तो पगारच.” नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे हे मुलांना ठाऊक असतं, पण आत काम केलेला माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. वाक्य जवळजवळ तसंच बसलं. फक्त ‘आयुष्यभर’ गेलं आणि ‘हजार’ आलं, पगारशी जुळायला. येवल्याकडच्या आजींनी पैठणीवर मोर विणले होते, आता धागा दिसत नव्हता. ‘धागा’ऐवजी ‘दोर’ घेतला, ‘मोर’साठी. तो घेताना त्यांना विचारलं. चालेल म्हणाल्या.

तिसरं कडवं १९६९ च्या महापुराचं. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, यावरून शहर अंदाज बांधतं. त्या वर्षी सप्टेंबरात तो पुरता पाण्याखाली गेला. पंचवटीतल्या एका आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पाऊण तासाची गोष्ट सांगितली. कवितेत तिच्या दोनच ओळी घेतल्या आणि बाकीची मुद्दाम ठेवून दिली. मुलांनी विचारावं आणि त्यांनी सांगावं, एवढी जागा कवितेने सोडलीच पाहिजे. योगायोग असा की राष्ट्रीय सेवा योजनाही त्याच सप्टेंबरातली, २४ सप्टेंबर १९६९ ची. शिक्षकांना हे सांगितलं तर पूर आणि योजना यांच्यावरून गप्पांना आणखी एक धागा मिळतो.

पुढचं कडवं मुलांना काम देतं आणि त्यानंतरचं नको ते सांगतं. ‘कीव नको, नको हार’ ही ओळ एका निवृत्त शिक्षिकेची आहे. त्यांना दरवर्षी हार घालून फोटो काढतात याचा वैताग आला होता. पहिल्यांदा त्यांनी मांडलेलं वाक्य फार कडक होतं. मी ते सौम्य केलं नाही, फक्त त्याच्याखाली पत्त्यांचा डाव आणून ठेवला. नकाराच्या पुढच्याच ओळीत निमंत्रण असलं की ऐकणाऱ्याला ते लागत नाही.

पूर्ण कविता अशी झाली:

आंडोर आंडेर आले
अंगण भरून गेले ॥धृ॥

चपला राहू द्या दारी
पाणी घ्या, बसा शेजारी

डाव्या कानी सांगा नाव
कोणते तुमचे गाव

नोटा मोजल्या हजार
खिशात आला पगार

विणला हातांनी मोर
आता दिसेना तो दोर

दुतोंड्या मारुती बुडे
पाणी आले दारापुढे

पेपर वाचून दावा
फोन शिकवून जावा

कीव नको, नको हार
डाव मांडा दोन-चार

चिवडा घ्या मूठभर
गप्पा मारू पोटभर

जाताना ‘येतो’ म्हणावे
महिन्यात पुन्हा यावे

शेवटच्या ओळीबद्दल इशारा. ‘महिन्यात’ हा शब्द कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलल्यानंतरच घातला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे महिन्याला एक फेरी लावणं अवघड नाही, पण ते कुणीतरी वेळापत्रकात लिहिलं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल तर ‘जमेल तेव्हा पुन्हा यावे’ असं म्हणा. एक अक्षर जास्त होतं, ते पटकन म्हणून घेता येतं. न येणाऱ्या माणसाची वाट बघण्याचा अनुभव या घरात आधीच पुष्कळांना आहे. कवितेने त्यात भर घालू नये.

वाटणी आणि तालीम

नऊ कडवी, प्रत्येक दोन कडव्यांनंतर धृपद, असं म्हटलं तर कविता तीन मिनिटांच्या आत संपते. यापेक्षा लांब करू नका. ओळख देणारं कडवं ज्याचं त्यानेच म्हणायचं. बाकीची दोघा-दोघांत वाटा, म्हणजे एकाचा आवाज बसला तर दुसरा उचलतो. धृपद सगळ्यांचं, अंथरुणाला खिळलेल्यांचंही. त्यांच्या खोलीचं दार त्या वेळी उघडं ठेवायचं.

कागद दोन-तीन प्रकारे बिघडतो. अक्षरं बारीक असली की चष्मा असूनही वाचता येत नाहीत. मी २४ ते २८ आकाराचं ठळक अक्षर घेते आणि एका कागदावर एकच कडवं छापते. चकचकीत कागद किंवा प्लास्टिकचं आवरण नको, त्यावर उजेड पडून अक्षर दिसेनासं होतं. हात थरथरत असेल तर कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पण खरं सांगायचं तर कागद ही तजवीज आहे, भरवसा पाठांतराचा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, तिला जोडून रोज दहा मिनिटं म्हटलं की आठ-दहा दिवसांत ओळी बसतात. एकाच दिवशी तासभर घोटून घेतल्याने दमछाक होते आणि दुसऱ्या दिवशी काही राहत नाही.

टाळ ज्यांना पेलतो त्यांना द्या. सांधे दुखणाऱ्यांनी मांडीवर टाळी द्यावी. लय सावकाश ठेवा, पण रेंगाळू देऊ नका. ओळ सहा-सात सेकंदांवर गेली की श्वास तुटायला लागतात, हे तालमीत लगेच ऐकू येतं: शेवटची दोन अक्षरं गिळली जातात. तसं झालं तर पेटीवाल्याला थोडं पुढे रेटायला सांगा.

तालमीच्या दिवसांत कुणी आजारी पडतं, दवाखान्यात जातं, कधी कुणी जातं. अशा वेळी ते कडवं काढून टाकायचं का, हा प्रश्न येतो. मी घरातल्या इतरांना विचारते. बहुतेक वेळा ते म्हणतात, राहू द्या, आम्ही म्हणू. मग ज्यांची खोली शेजारी होती ते म्हणतात. मुलांना त्या क्षणी काही सांगायचं नाही. कुणी नंतर विचारलं तर खरं सांगायचं.

त्या दिवशी

थंडीत नाशिकला सकाळी गळे बसलेले असतात, म्हणून शिबिरातल्या मुलांना अकराच्या आधी बोलावू नका. अंगणात ऊन आलेलं असेल तर तिथेच बसा. म्हणण्याआधी सगळ्यांना कोमट पाणी द्या, दातांची कवळी लावलेली आहे ना हे एकदा पाहून घ्या. कवळीशिवाय ‘चपला’ आणि ‘चिवडा’ नीट ऐकू येत नाही आणि म्हणणारा ओशाळतो. माइक हातात देऊ नका, एका स्वयंसेवकाने तो धरून प्रत्येकाच्या तोंडाजवळ न्यायचा.

कार्यक्रमात कविता सगळ्यात आधी ठेवा, प्रास्ताविकाच्याही आधी. मुलं आत येत असतानाच धृपद सुरू झालं पाहिजे. एकदा पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले की यजमान कोण हे ठरून जातं, त्यानंतर कविता म्हटली तर ती ‘आजी-आजोबांचा आयटम’ होते.

मुलांच्या शिक्षकांशी आदल्या दिवशी तीन गोष्टी बोला. कविता चालू असताना फोन खिशात. चिवडा पुढे आला की ‘नको’ म्हणायचं नाही. आणि कविता संपल्यावर जोरदार टाळ्या वाजवून जागच्या जागी बसून राहायचं नाही, उठून शेजारी जायचं. चाळीस मुलं असतील तर पाच-पाचचे गट करा आणि प्रत्येक गट एका कडव्याच्या माणसाकडे पाठवा. पूर पाहिलेल्या आजोबांकडे एक, मोर विणणाऱ्या आजींकडे एक, पत्त्यांच्या डावाला दोन. ‘डाव्या कानी सांगा नाव’ ही ओळ आली की सगळ्यांनी एकदम नावं ओरडायची नाहीत, ती गटात गेल्यावर सांगायची.

चाललं की नाही हे ओळखायची माझी एकच खूण आहे. कवितेनंतर दहा मिनिटांनी आवारात कोण बोलतंय ते बघा. म्हातारी माणसं बोलत असतील आणि पोरं ऐकत किंवा विचारत असतील तर कवितेने काम केलं. पोरं आपापसांत बोलत असतील आणि आजी-आजोबा पुन्हा खुर्च्यांवर गप्प असतील तर पुढच्या वेळी ओळख देणारी कडवी वाढवा, त्यांत विचारण्याजोगं काही कमी पडलं आहे.

म्हणताना कुणी रडलं तर थांबू नका, धृपद उचला. सगळ्यांनी मिळून धृपद म्हणेपर्यंत त्या माणसाला सावरायला वेळ मिळतो आणि त्याच्याकडे बघत बसायची वेळ कुणावर येत नाही. धृपद दर दोन कडव्यांनंतर ठेवायचं खरं कारण हेच आहे.

नंतर

कवितेची प्रत प्रत्येक म्हणणाऱ्याला द्या, मोठ्या अक्षरातली. ज्यांची परवानगी आहे त्यांचं नाव त्यांच्या कडव्याखाली लिहा. आश्रमाच्या फलकावर लावायची असेल तर व्यवस्थापकांच्या नावाने लावू नका. चित्रीकरण झालं असेल तर ते कुठे टाकणार हे प्रत्येकाला सांगून विचारा. एकाने जरी नको म्हटलं तरी ते कडवं कापा.

पुढच्या तुकडीसाठी धृपद, पाण्याचं आणि निरोपाचं कडवं तसंच ठेवता येतं. ओळखीची कडवी मात्र दरवेळी नव्याने करा, ज्यांची आली नाहीत त्यांची. आमच्या यादीत आता देवळालीच्या एका शिंपीकाकांचं वाक्य आहे, “फौजी लोकांचे गणवेश शिवले, बटण कधी तुटलं नाही.” अजून त्याचं कडवं व्हायचं आहे. ‘बटण तुटले नाही’ इथपर्यंत आलंय, त्यात आठ भरतात, पण ‘कधी’ राहून जातं. ‘कधी’ घातलं तर दहा होतात. ‘तुटले नाही’चं ‘तुटे ना’ करून ‘बटण तुटे ना कधी’ केलं की बरोबर आठ. आता वरची ओळ ‘कधी’शी जुळणारी हवी, आणि ती काकांनीच सांगायची आहे.